इअरबड्सची डबी नीट चार्ज होत नाही? बॅटरीला दोष देण्याआधी या चुका टाळा

इअरबड्सची डबी रात्री पॉवर बँकेला लावली, सकाळी पाहिलं तर ती पूर्ण भरलेली नाही आणि पॉवर बँकेत मात्र भरपूर चार्ज शिल्लक. असं दोन-तीनदा झालं की 'डबीची बॅटरी गेली' असं ठरवून लोक मोकळे होतात. कधीकधी नवी डबीही येते आणि तिचंही तेच रडगाणं सुरू होतं. बॅटरी खरंच जाते, नाही असं नाही; पण बहुतेक वेळा घोटाळा वेगळाच असतो. ही डबी फारच थोडी वीज घेते. आपण तिला ज्याला जोडतो ते चार्जर, पॅड आणि पॉवर बँक मात्र फोनसाठी बनवलेले असतात आणि इतक्या कमी मागणीची ते दखलच घेत नाहीत.

पॉवर बँक मध्येच झोपते

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून हे जरा नीट पाहू.

समजा डबीची बॅटरी ४०० एमएएचची आहे आणि सुरुवातीला ती ५ व्होल्टवर साधारण ३०० मिलिअँपिअर करंट ओढते. फोन यापेक्षा कितीतरी जास्त ओढतो. पहिला तासभर हा ३०० चा आकडा जवळपास टिकतो आणि डबी पाऊणएक भरते. मग बॅटरीचं व्होल्टेज ४.२ च्या आसपास पोहोचतं. लिथियम बॅटरीला त्यापुढे ढकलायचं नसतं, म्हणून डबीतलं सर्किट करंट हळूहळू कमी करत नेतं. ३०० चे २०० होतात, मग १००, मग ६०, शेवटी ३०. यात काहीच बिघडलेलं नाही, बॅटरी अशीच भरायची असते.

आता पॉवर बँकेकडून बघा. फोन काढून घेतला की आपलं आपण बंद व्हायचं, अशी तिची रचना असते. कुणी जोडलेलं आहे की नाही हे ती बाहेर जाणाऱ्या करंटवरून ओळखते. करंट एका ठरावीक मर्यादेखाली गेला आणि थोडा वेळ तसाच राहिला, की 'कुणी नाही' असं समजून ती पुरवठा तोडते. ही मर्यादा बऱ्याच पॉवर बँकांमध्ये ५० ते १०० मिलिअँपिअरच्या घरात असते. आपल्या उदाहरणात ती ८० धरली, तर डबीचा करंट ८० च्या खाली उतरताच पॉवर बँक झोपणार आणि शेवटचा थोडा भाग भरायचा राहणार. शिवाय बड्स आत असतील तर ते त्यानंतरही डबीतूनच चार्ज घेत राहतात, त्यामुळे सकाळी आकडा आणखी खाली दिसतो. काही छोट्या डब्या पहिल्यापासूनच १०० च्या आसपास ओढतात. त्यांच्या बाबतीत तर पॉवर बँक मिनिट-दोन मिनिटांतच बंद पडते आणि डबी चार्ज होतच नाही असं वाटतं.

हे ओळखायची खूण सोपी आहे. पॉवर बँकेचं बटण दाबलं की डबीचा दिवा पुन्हा लागतो, थोड्या वेळाने पुन्हा विझतो. आणि तीच डबी, तीच केबल भिंतीवरच्या साध्या अडॅप्टरला लावली की ती विनातक्रार पूर्ण भरते. असं झालं तर डबी आणि केबल दोन्ही ठीक आहेत.

उपाय बहुतेकदा पॉवर बँकेतच असतो, फक्त तो माहीत नसतो. बऱ्याच पॉवर बँकांना कमी करंटचा वेगळा मोड असतो. काहींत बटण पटकन दोनदा दाबायचं, काहींत दोन-तीन सेकंद दाबून धरायचं. मोड सुरू झाला की एखादा दिवा रंग बदलतो किंवा वेगळ्या तऱ्हेने लागतो. हा मोडही कायम राहत नाही, काही पॉवर बँकांत तो दोनेक तासांनी आपोआप जातो, पण डबीला तेवढा वेळ सहसा पुरतो. मोडच नसेल तर दुसऱ्या पोर्टला फोन लावून ठेवा. जी पॉवर बँक सगळ्या पोर्टचा मिळून करंट बघते ती मग जागी राहते. प्रत्येक पोर्ट वेगळा बघणारी असेल तर ही युक्ती चालत नाही, तिथे अडॅप्टरच बरा.

सी-टू-सी केबल लावली आणि दिवाच नाही

नवा चार्जर, नवी केबल, दोन्ही टोकांना टाइप-सी. डबीला लावलं तर काहीच नाही, एक दिवासुद्धा लागत नाही. जुनी, एका टोकाला चपटा मोठा यूएसबी-ए प्लग असलेली केबल लावली की लगेच चार्जिंग सुरू. लोक इथे नव्या केबलला नावं ठेवतात, पण बिचारीचा काही गुन्हा नसतो.

यूएसबी-ए पोर्टवर ५ व्होल्ट नेहमीच हजर असतात. टाइप-सी पोर्टचं तसं नाही. समोर खरोखर वीज घेणारं साधन आहे याची खात्री पटल्याशिवाय तो पुरवठा सुरूच करत नाही. ही खात्री पटवण्यासाठी साधनाच्या पोर्टमागे ५.१ किलो-ओहमचे दोन बारीक रेझिस्टर बसवायचे असतात. स्वस्तातल्या काही डब्यांमध्ये पैसे वाचवायला ते गाळलेले असतात. पोर्ट दिसायला टाइप-सी, पण चार्जरला आपली ओळखच न देणारा. मग चार्जर गप्प बसतो, आणि नियमाने त्याचं बरोबरच असतं.

कधीकधी दोनपैकी एकच रेझिस्टर बसवलेला असतो. अशा डबीत प्लग एका बाजूने घातला तर चार्ज होते आणि उलटा करून घातला की होत नाही. म्हणून सी-टू-सी केबलवर डबी मुकी राहिली, तर आधी डबीकडचा प्लग काढून उलटा घालून बघा. तरीही काही नाही आणि यूएसबी-ए केबलवर मात्र चालते, तर पोर्टच अर्धवट बनवलेला आहे. तो घरी दुरुस्त करण्यासारखा नाही. त्या डबीसाठी एक यूएसबी-ए ते सी केबल बाजूला ठेवायची आणि विषय संपवायचा.

जाता जाता, ६५ वॉटच्या चार्जरने डबी जळेल ही भीती बाळगू नका. असा चार्जर सुरुवात ५ व्होल्टनेच करतो आणि समोरून मागणी आल्याशिवाय व्होल्टेज वाढवत नाही. आणि डबी लवकर भरेल ही आशाही नको. ती आपले ३०० मिलिअँपिअरच घेणार.

वायरलेस पॅड: जागा चुकते, डबी नव्हे

आधी डबीला वायरलेस चार्जिंग आहे की नाही ते खोक्यावर बघा. एकाच मॉडेलची एक डबी वायरलेस आणि एक साधी, असंही असतं.

ती सोय असेल तर पुढचा प्रश्न जागेचा. पॅडमधली कॉइल फोनच्या पाठीच्या हिशेबाने बसवलेली असते, डबीतली कॉइल मात्र लहानशी असते. फोन सेंटिमीटरभर सरकला तरी चालून जातं, डबीला तेवढी सवलत नसते. उभ्या स्टँडवर तर हमखास चूक होते. स्टँडची कॉइल फोनच्या मध्याच्या उंचीवर असते आणि डबी आपण खालच्या कडेवर टेकवतो, म्हणजे ती कॉइलच्या खालीच राहते. दिवा क्षणभर लागतो, विझतो, पुन्हा लागतो. पॅड आडवा असेल तर डबी मधोमध ठेवून अर्धा-अर्धा सेंटिमीटर सरकवत न्या. दिवा स्थिर झाला की ती जागा लक्षात ठेवा. डबीची कॉइल पाठीमागे आहे की तळाला, हेही मॉडेलप्रमाणे बदलतं. पाठीवर झोपवून जमलं नाही तर उभी ठेवून बघा.

जाड सिलिकॉनचं कव्हर काढा, आणि त्याला लटकवलेली धातूची कडी तर आधी काढा. पॅड आपल्यावर धातूची परकी वस्तू आहे का ते तपासत असतो. तशी शंका आली की पुरवठा थांबवून दिवा भराभर लुकलुकवतो. तो बऱ्याचदा लाल असतो. कडी तशीच राहिली आणि पॅडला ती कळली नाही, तर कडी तापते. ते जास्त वाईट.

कुणाचा दिवा लुकलुकतोय?

दिवा वाचताना तो कुणाचा हे आधी ठरवा. डबीचा एक, पॅडचा एक, पॉवर बँकेचा एक, आणि तिघांची भाषा वेगळी. पॉवर बँकेवर शेवटचा दिवा लुकलुकत असेल तर बहुधा तीच रिकामी होत आलीये, डबीचा काही संबंध नाही.

डबीवर सावकाश कमीजास्त होणारा दिवा बऱ्याच मॉडेलमध्ये 'चार्जिंग सुरू आहे' एवढंच सांगतो. पांढरा किंवा निळा लुकलुकणारा दिवा तर सहसा चार्जिंगबद्दल बोलतच नसतो, तो ब्लूटूथ जोडणीचा असतो. एअरपॉड्सच्या डबीत पांढरा लुकलुकला तर ती जोडायला तयार आहे. केशरी लुकलुकला तर जोडणी पुन्हा करायला हवी. स्थिर हिरवा म्हणजे भरलेली, स्थिर केशरी म्हणजे अजून भरायची आहे. आणि पॅडवर ठेवल्यावर तिचा दिवा काही सेकंद लागून विझतो, चार्जिंग मात्र चालूच राहतं. दिवा विझला म्हणून पुन्हा पुन्हा उचलून ठेवणारे लोक प्रत्येक वेळी चार्जिंग तोडत असतात.

भराभर लुकलुकणारा लाल दिवा मात्र गांभीर्याने घ्या. पुष्कळदा ती तापमानाची तक्रार असते. लिथियम बॅटरी साधारण ० ते ४५ अंशांच्या बाहेर चार्ज करायची नसते, म्हणून उन्हात तापलेल्या गाडीतून आणलेली डबी चार्ज घ्यायला नकार देते. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत पाणी सुटतं. सावलीत अर्धा तास राहू द्या.

महिनोन्‌महिने कपाटात पडून राहिलेली डबी केबल लावल्यावरही निपचित राहते. पार उतरलेल्या बॅटरीला सर्किट आधी अगदी थोडा करंट देतं, आणि तेवढ्यात दिवा लागत नाही. अडॅप्टरला लावून तासभर हात लावू नका. हे पॉवर बँकेवर करू नका, इतक्या कमी करंटवर ती लगेच झोपेल.

एकच बड चार्ज होत नसेल तर केबल बदलून उपयोग नाही. त्या खाचेतल्या सोनेरी पिना आणि बडच्या तळाचे ठिपके कोरड्या कापसाच्या काडीने पुसा. घाम आणि कानातला मळ तिथेच साचतो. डबीच्या पोर्टात कापडाचे तंतू अडकले असतील तर लाकडी टूथपिकने अलगद काढा, सुई नको.

हे सगळं करूनही अडॅप्टरवर भरलेली डबी बड्स आत नसताना एका दिवसात रिकामी होत असेल, तर बॅटरी खरंच थकली आहे. आणि झाकण नीट बसेनासं झालं, शिवण उघडल्यासारखी दिसली किंवा डबी फुगीर लागली, तर ती पुन्हा कशालाच जोडू नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या, घरच्या कचऱ्यात टाकू नका.