गेल्या महिन्याचा आकडा बदलतो तेव्हा: जन्मनोंदींच्या अहवालातील या चुका टाळा

जुलैच्या पहिल्या आठवड्यात जून महिन्याच्या जन्मनोंदींचा तक्ता वर पाठवला जातो आणि ऑगस्टमध्ये तोच जून महिना वेगळा आकडा घेऊन समोर येतो. मग विचारणा होते की आधीचा तक्ता चुकला होता की आताचा. गोव्यात तालुक्यांचे मासिक तक्ते जुळवताना हा प्रश्न मला अनेकदा ऐकावा लागला आहे. बहुतेक वेळा दोन्ही आकडे आपापल्या तारखेला बरोबर असतात. ती तारीख तक्त्यावर लिहिलेली नसते, ही खरी चूक असते.

जन्म आणि मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यान्वये, घटना घडल्यापासून २१ दिवसांच्या आत माहिती दिली तर ती वेळेतली नोंद ठरते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते, ३० दिवस ते एक वर्ष या काळात सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. आता ५ जुलैला तयार होणाऱ्या तक्त्याकडे पाहा. २८ जूनला जन्मलेल्या बाळाची नोंद १९ जुलैपर्यंत झाली तरी कायद्याच्या दृष्टीने ती वेळेतच आहे. किंबहुना १५ जूननंतरच्या कोणत्याही जन्माची मुदत ५ जुलैला संपलेलीच नसते. म्हणजे कोणाचीही हयगय नसताना जूनचा निम्मा महिना त्या दिवशी अपुरा असू शकतो. आपण ज्यांना ‘उशिरा आलेल्या नोंदी’ म्हणतो, त्यांतल्या बऱ्याचशा केवळ आपल्या अहवालाच्या मानाने उशिरा असतात.

पहिली मोठी चूक तुलनेत होते. उदाहरणापुरते काही आकडे घेऊ. समजा, एका तालुक्यात मे महिन्याचे जन्म ५ जूनला १९० दिसत होते आणि ५ जुलैला ते २१९ झाले. जूनचे जन्म ५ जुलैला १८४ दिसतात. तक्ता करणारा त्या दिवशी संगणकावर जे दिसते तेच उतरवतो, म्हणजे मे २१९ आणि जून १८४, आणि खाली शेरा लिहितो की जन्मांत १६ टक्के घट झाली. ही घट खरी नाही, कारण मेच्या आकड्याला भरायला जूनपेक्षा एक महिना जास्त मिळालेला आहे. पहिल्या आकड्याशी पहिलाच आकडा लावला, तर १९० वरून १८४, म्हणजे साधारण ३ टक्क्यांची घट निघते. पुढे ५ ऑगस्टला जून २१२ वर पोचला, तर २१९ शी त्याची तुलना करूनही घट ३ टक्क्यांच्या आसपासच राहते. सारख्या वयाचे आकडे शेजारी ठेवले की चित्र स्थिर राहते. आलेखात शेवटचा महिना दर वेळी खाली झुकलेला दिसत असेल आणि पुढच्या महिन्यात तो झुकाव आपोआप पुढे सरकत असेल, तर हाच दोष आहे असे खुशाल समजावे.

दुसरी चूक दोन तारखांच्या गोंधळाची आहे. प्रत्येक नोंदीला जन्माची तारीख असते आणि नोंदणीची तारीख असते. महिना जन्माच्या तारखेवरून ठरवला तर मागचे आकडे बदलत राहतात. नोंदणीच्या तारखेवरून ठरवला तर ते सहसा बदलत नाहीत, आणि म्हणूनच काही कार्यालयांना ही पद्धत सोयीची वाटते. पण मग कित्येक वर्षांपूर्वीच्या जन्माची आदेशाने झालेली नोंद या महिन्याच्या बाळांत मोजली जाते, आणि चवथीच्या सुट्यांत साचलेले अर्ज पुढच्या आठवड्यात एकदम चढले की त्या महिन्यात जन्म वाढल्याचा भास होतो. कार्यालयाचे काम किती झाले हे सांगायचे असेल तर नोंदणीची तारीख योग्य आहे, मुले किती जन्मली हे सांगायचे असेल तर जन्माची तारीखच घ्यावी लागते. तक्त्याच्या मथळ्यात ‘जून महिन्यात झालेले जन्म’ लिहायचे की ‘जून महिन्यात झालेल्या नोंदी’, हे एवढ्यासाठीच काळजीपूर्वक ठरवावे.

नोंदींची यादी एक्सेलमध्ये असेल, ‘ब’ म्हणजे B स्तंभात जन्माची आणि C स्तंभात नोंदणीची तारीख असेल, तर ५ जुलै अखेर दिसलेला जूनचा आकडा नंतर कधीही असा काढता येतो:

```
=COUNTIFS(B:B,">="&DATE(2024,6,1),B:B,"<"&DATE(2024,7,1),C:C,"<"&DATE(2024,7,6))
```

शेवटच्या अटीत ६ जुलैच्या आधी असे मुद्दाम लिहिले आहे. नोंदणीच्या रकान्यात तारखेसोबत वेळही साठवलेली असेल, तर ‘५ जुलै किंवा त्याआधी’ अशी अट लिहिल्यावर ५ तारखेला दिवसभरात झालेल्या नोंदी गळतात. C स्तंभात शेवटच्या बदलाची तारीख घेण्याचा मोहही टाळावा. बाळाची नोंद नावाशिवाय होऊ शकते आणि बारशानंतर नाव त्यात भरले जाते. बदलाची तारीख धरली तर ती जुनी नोंद नव्याने आल्यासारखी दिसते आणि आधीच्या आकड्यातून निघून जाते.

या सूत्रालाही मर्यादा आहे. एकाच बाळाची नोंद दोनदा झाली होती म्हणून एक ओळ पुसली, तर ती ओळ ५ जुलैला मोजली गेली होती याचा मागमूस यादीत उरत नाही. त्यामुळे पाठवलेल्या प्रत्येक तक्त्याची प्रत तारखेसह वेगळी जपून ठेवणे मला अत्यावश्यक वाटते. जुन्याच फाईलमध्ये नवा आकडा भरून ती पुन्हा जतन करणे, हा या कामातला सर्वांत घातक रिवाज आहे. मी स्वतः एकदा तसे केले होते, आणि आधी काय कळवले होते ते शेवटी छापील प्रतीवरून शोधावे लागले.

आता शेऱ्यांविषयी. केंद्र सरकारच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचा आकडा प्रथम तात्पुरता म्हणून जाहीर होतो आणि नंतर अंतिम होतो, औद्योगिक उत्पादनाचा पहिला आकडा ‘जलद अंदाज’ या नावाने येतो आणि पुढे सुधारला जातो. तालुक्याच्या तक्त्यालाही तीच शिस्त पेलते. पहिल्या वेळी ‘जून २०२४ मध्ये झालेले जन्म, ५ जुलै २०२४ पर्यंत नोंदलेले, प्राथमिक’ असे लिहावे. पुढच्या महिन्यात ‘सुधारित’ एवढाच शब्द पुरत नाही. शेजारी आधी कळवलेला आकडा, फरक आणि कारण द्यावे: ‘जून २०२४: २१२, सुधारित, ५ ऑगस्टपर्यंत नोंदलेले, आधी १८४, २८ नोंदी ५ जुलैनंतर आल्या.’ कारणाच्या जागी ‘सुधारणा’ आणि ‘दुरुस्ती’ हे शब्द अदलाबदल करून वापरू नयेत. नव्या नोंदी आल्यामुळे आकडा बदलला तर ती सुधारणा होय. दोनदा मोजलेली नोंद काढली किंवा चुकीचा तालुका बदलला, तर ती दुरुस्ती होय. एकाच महिन्यात ३० नोंदी वाढल्या आणि २ काढल्या, तर नुसते २८ न लिहिता दोन्ही आकडे वेगळे दाखवावेत, कारण त्या २ नोंदी आपल्या कामातला दोष दाखवतात आणि ३० दाखवत नाहीत.

‘अंतिम’ हा शब्द मात्र घाईने लिहू नये. माझ्या मते जन्माचा महिना संपून एक वर्ष झाल्यावरच तो लिहावा, कारण तोपर्यंत परवानगीने नोंद होण्याची वाट उघडी असते. त्यानंतर आदेशाने येणाऱ्या थोड्या नोंदी जुन्या तक्त्यात न घालता ‘अंतिम झाल्यानंतर आलेल्या नोंदी’ अशा वेगळ्या ओळीत, जन्मवर्षासह दाखवाव्यात.