उधारीचे निकष सैल करताना हिशेबात होणारा घोळ: या चुका टाळा

उधारीचे निकष सैल करण्याचा प्रस्ताव तपासायला येतो तेव्हा विक्रीवाढीचा आकडा सर्वांत वर असतो आणि बुडीत येण्यांचा विषय शेवटच्या एका ओळीत, एका टक्केवारीत उरकलेला असतो. अशा प्रस्तावांतल्या बहुतेक चुका एकाच मुळातून निघतात: नव्या ग्राहकांचा हिशेब जुन्या आणि नव्या ग्राहकांच्या एकत्र सरासरीने केला जातो. म्हणून या चुकीवर सविस्तर लिहितो, बाकीच्यांवर जेवढ्यास तेवढे.

सरासरीचा बुडीत दर नव्या विक्रीला लावणे

एका कंपनीत मी जवळून पाहिलेले प्रकरण घेऊ. समजायला सोपे जावे म्हणून आकडे गोल केले आहेत आणि सर्व रकमा लाखांत आहेत. कंपनीची वार्षिक विक्री ६०० होती, सगळी उधारीवर. वसुलीचा सरासरी कालावधी ३० दिवसांचा होता आणि बुडीत येणी विक्रीच्या १ टक्का होती. निकष सैल केल्यास विक्री ७२० होईल, वसुलीचा सरासरी कालावधी ४० दिवसांवर जाईल आणि बुडीत येणी २.५ टक्के होतील, असा अंदाज होता. बदलता खर्च विक्रीच्या ७५ टक्के होता, आणि गुंतलेल्या भांडवलावर करपूर्व २० टक्के परतावा मिळालाच पाहिजे असा कंपनीचा नियम होता. वर्ष ३६० दिवसांचे धरले होते.

प्रस्ताव तयार करणाऱ्याने असा हिशेब मांडला: वाढीव विक्री १२०, तिच्यावरचे काँट्रिब्युशन, म्हणजे विक्रीतून बदलता खर्च वजा जाता उरणारी रक्कम, ३०. वाढीव विक्रीवर २.५ टक्क्यांनी बुडीत ३. चाळीस दिवसांच्या हिशेबाने येणे रकमेत १३.३३ ची वाढ, तिच्यातला खर्चाचा भाग १०, आणि त्यावर २० टक्क्यांनी भांडवलाचा खर्च २. निव्वळ वाढीव नफा २५. हा कागद पाहून कोणीही लगेच सही केली असती.

चूक शोधायला एकच प्रश्न पुरतो. आधी एकूण बुडीत रक्कम किती होती आणि नंतर किती असेल? आधी ६०० चा १ टक्का म्हणजे ६. नंतर ७२० चे २.५ टक्के म्हणजे १८. फरक १२ चा आहे, ३ चा नव्हे. जुन्या ग्राहकांच्या वागण्यात बदल झालेला नाही असे मानले, तर हे सगळे १२ नव्या १२० विक्रीतून बुडणार आहेत, म्हणजे नव्या ग्राहकांचा खरा बुडीत दर १० टक्के आहे. सरासरी १ वरून २.५ झाली म्हणजे थोडीच वाढ झाली, असे वाटण्याचे कारण इतकेच की ६०० च्या चांगल्या विक्रीने ती वाढ झाकून टाकली आहे.

वसुलीच्या दिवसांचेही तसेच. आधीची येणे रक्कम ६०० गुणिले ३० भागिले ३६०, म्हणजे ५०. नंतरची ७२० गुणिले ४० भागिले ३६०, म्हणजे ८०. वाढ ३० ची. ही ३० ची येणी १२० च्या विक्रीतून उभी राहिली, म्हणजे नवे ग्राहक पैसे द्यायला ९० दिवस घेणार आहेत. कागदावर केवळ दहा दिवसांचा बदल दिसत होता.

आता हिशेब पुन्हा मांडू. काँट्रिब्युशन ३०, त्यातून बुडीत १२ वजा. वाढीव येणी ३०, त्यांतला खर्चाचा भाग २२.५, त्यावर भांडवलाचा खर्च ४.५. उरले १३.५. वाढीव विक्रीसाठी एक महिन्याचा जास्तीचा साठा ठेवावा लागणार होता, त्यात ७.५ अडकणार, त्याचा खर्च १.५. वसुलीसाठी एक माणूस वाढवावा लागणार होता, त्याचे ३. शेवटी उरतात ९. पंचवीसचे नऊ होतात, आणि तेही जुने ग्राहक जसेच्या तसे राहतील या गृहीतावर.

माझी सवय अशी आहे की पहिल्या तक्त्यात टक्केवारी येऊच द्यायची नाही. "जुने", "नवे" आणि "फरक" असे तीन स्तंभ आखून त्यांत फक्त रकमा लिहायच्या आणि टक्के नंतर काढायचे. घाईत असलेले नवशिके थेट टक्क्यांची वजाबाकी करतात. मग कितीही चांगले सूत्र वापरले तरी उत्तर चुकते. तयार तक्त्यात आकडे भरून काम उरकण्याची सवय मला म्हणूनच धोक्याची वाटते: तो तक्ता "बुडीत दर" विचारतो, पण कोणाचा दर ते विचारत नाही.

शेवटच्या गटाकडे वेगळे न पाहणे

सीमांत विश्लेषण म्हणजे एकूण वाढीचा हिशेब, असा समज सर्वत्र दिसतो. वास्तविक प्रत्येक पायरी स्वतःच्या बळावर उभी राहते का, हे त्यात पाहायचे असते. वरच्या १२० मध्ये दोन गट होते, आणि ते मी मुद्दाम मागवून घेतले. "क" गटातल्या ग्राहकांकडून ८० ची विक्री, ५ टक्के बुडीत आणि ६० दिवसांची वसुली अपेक्षित होती. "ड" गटाकडून ४० ची विक्री, २० टक्के बुडीत आणि १५० दिवसांची वसुली. दोन्हींची बेरीज १२ बुडीत आणि ३० येणी, म्हणजे एकूण चित्र तेच.

"क" गटाचे काँट्रिब्युशन २०. त्यातून बुडीत ४, येण्यांतल्या भांडवलाचा खर्च २ आणि साठ्याचा खर्च १ वजा केला की १३ उरतात. "ड" गटाचे काँट्रिब्युशन १०. बुडीत ८, भांडवलाचा खर्च २.५ आणि साठ्याचा ०.५ वजा जाता १ चा तोटा. वसुलीच्या माणसाचे ३ अजून मोजलेलेच नाहीत, आणि त्याचा बहुतेक वेळ "ड" गटाच्या मागेच जाणार होता. एकत्र पाहिल्यावर ९ चा नफा दिसत होता, म्हणून "ड" गटाला उधारी देण्याचा तोट्याचा निर्णय "क" गटाच्या आडोशाने मंजूर झाला.

पहिल्या तिमाहीच्या आकड्यांवर विसंबणे

याच कंपनीत पुढे जे घडले ते मी आजही प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो. धोरण लागू होऊन तीन महिने झाले. विक्री वाढली होती आणि बुडीत येण्यांचे विक्रीशी प्रमाण १ टक्क्याच्याही खाली आले होते. बैठकीत सर्वांना वाटले की आमची भीती निराधार होती. "ड" गटाची उधारी थांबवावी ही माझी सूचना याच आकड्याच्या आधारे फेटाळली गेली.

प्रमाण खाली येण्याचे कारण साधे होते. थकलेली रक्कम १८० दिवसांनंतरच निर्लेखित करायची, म्हणजे बुडाली असे मानून येण्यांतून काढून टाकायची, असा कंपनीचा नियम होता. त्यामुळे नव्या ग्राहकांचे एकही बिल पहिल्या सहा महिन्यांत बुडीत म्हणून दिसूच शकत नव्हते. भागाकारातला विक्रीचा आकडा मात्र पहिल्या महिन्यापासून वाढला होता. वर जुनीच बुडीत रक्कम, खाली मोठी विक्री, म्हणून प्रमाण सुधारल्यासारखे दिसले. आठव्या महिन्यापासून "ड" गटाची बिले एकामागून एक निर्लेखित होऊ लागली. तोवर त्या ग्राहकांना आणखी माल गेलेला होता आणि त्याचीही येणी अडकली होती.

यावर मी एकच उपाय करतो. प्रत्येक महिन्यात केलेल्या विक्रीचा माग स्वतंत्रपणे ठेवतो: त्या महिन्याच्या बिलांपैकी ३० दिवसांत किती आले, ६० दिवसांत किती, ९० आणि १२० दिवसांत किती. मग समान वयाच्या बिलांची तुलना करतो. समजा नव्या ग्राहकांच्या पहिल्या महिन्याच्या बिलांपैकी ६० व्या दिवसापर्यंत ५५ टक्के वसूल झाले आणि तिसऱ्या महिन्याच्या बिलांपैकी त्याच वयाला ४० टक्केच, तर वसुली बिघडत आहे हे निर्लेखनाची वाट न पाहता कळते. एकूण येण्यांवरून काढलेले सरासरी दिवस हे सांगत नाहीत, कारण विक्री वाढत असते तेव्हा ताजी बिले थकलेल्या बिलांना झाकतात. जुन्या आणि नव्या ग्राहकांचे हे तक्ते एकत्र करायचे नाहीत, नाहीतर पुन्हा सरासरीचीच चूक होते.

जुन्या ग्राहकांना गृहीत धरणे

नव्या ग्राहकांना जास्त दिवस मिळतात हे जुन्यांना कळतेच, आणि तेही सवलत मागतात किंवा न मागता घेतात. त्या कंपनीत जुन्यांची वसुली ३० वरून सुमारे ४५ दिवसांवर गेली. त्यामुळे जास्तीचे २५ अडकले, आणि त्यांचा २० टक्क्यांनी खर्च ५ झाला. अपेक्षित ९ चे इथेच ४ उरले. ही रक्कम पूर्ण विक्रीमूल्याने धरायची, खर्चाच्या भागाने नव्हे, कारण ती विक्री तशीही होणारच होती आणि तिच्यातल्या नफ्यासह सगळे पैसे पूर्वी तीस दिवसांत हातात येत होते. नव्या विक्रीत मात्र सवलत दिली नसती तर नफाच नसता. आपण तिच्यात फक्त खर्च गुंतवतो. हा फरक न समजता दोन्हीकडे एकच नियम लावणारे कागद मी परत पाठवतो.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

बुडीत येणी खर्चाच्या किमतीने वजा करणे चूक आहे. काँट्रिब्युशन पूर्ण विक्रीवर मोजले असेल तर बुडीतही पूर्ण विक्रीमूल्यानेच वजा होते. ताळा सोपा आहे: १२० पैकी १०८ हातात येणार, खर्च ९०, उरतात १८, आणि ३० वजा १२ हेही १८ च.

स्थिर खर्चाचा वाटा वाढीव विक्रीवर टाकू नये. पण क्षमता संपून नवे यंत्र किंवा गोदाम घ्यावे लागणार असेल, तर तो खर्च वगळूही नये.

नफा करोत्तर आणि अपेक्षित परतावा करपूर्व, अशी मिसळ करू नये.

अंदाज चुकला तर किती निभावेल

बुडीत दराचा अंदाज चुकणारच, म्हणून प्रत्येक गट किती दर सोसू शकतो हे मी आधी काढतो. "क" गटाचे बुडीत सोडून १७ उरतात, म्हणजे ८० वर सुमारे २१ टक्के. अंदाज ५ चा होता, तेव्हा खरा दर त्याच्या चौपट निघाला तरी जागा आहे. "ड" गटाचे ७ उरतात, म्हणजे ४० वर १७.५ टक्के, अंदाजच २० चा होता. अशा गटाला सरसकट उधारी देण्याऐवजी मी छोटी मर्यादा ठरवून देतो आणि पहिल्या बिलाचे पैसे पूर्ण जमा होईपर्यंत दुसरा माल सोडत नाही. त्यामुळे एका ग्राहकामागे जास्तीत जास्त एकच बिल बुडते, आणि सहा-सात महिन्यांत त्या गटाचा खरा दर अंदाजाऐवजी स्वतःच्या नोंदींतून मिळतो.