उशिरा पोहोचलेल्या ऑर्डरसाठी क्षमायाचनेचा ईमेल कसा लिहावा, आणि त्यात इमोजी घालावा का

घरपोच सेवा देणाऱ्या नव्या कंपनीकडून कधी ना कधी ऑर्डर उशिरा पोहोचते आणि मग शेकडो ग्राहकांना एकाच वेळी क्षमायाचनेचा ईमेल पाठवावा लागतो. असा ईमेल लिहिताना मजकुराइतकाच वाद त्यातल्या इमोजीवर होतो. एकजण म्हणतो की हात जोडल्याशिवाय माफी कोरडी वाटते, तर दुसऱ्याला तो पोरकटपणा वाटतो. या वादाचा निकाल इमोजीकडे पाहून लागत नाही. ग्राहकाचे नेमके काय बिघडले ते आधी लिहून काढले की तो आपोआप लागतो. म्हणून एक काल्पनिक पण रोजच्या व्यवहारातले उदाहरण घेऊन सगळे टप्पे पाहू.

समजा, पुण्यातील एक छोटी कंपनी उकडीचे मोदक घरपोच देते. गणेश चतुर्थीच्या दिवशी सकाळी अकरापर्यंत मोदक पोहोचवण्याचे तिने कबूल केले होते. प्रत्यक्षात काही घरी ते पावणेबाराला पोहोचले, बऱ्याच घरी दुपारी दोननंतर, आणि काही ऑर्डर शेवटी रद्द कराव्या लागल्या.

आधी यादी वेगळी करा

सर्वांना एकच ईमेल पाठवणे ही यातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पावणेबाराला मोदक मिळालेल्या घरात थोडी धावपळ झाली, पण मध्यान्हीची पूजा आणि नैवेद्य वेळेवर झाला. दोननंतर मोदक मिळालेल्या घरात नैवेद्याला ऐनवेळी साखर-खोबरे ठेवावे लागले असेल. ज्यांची ऑर्डर रद्द झाली, त्यांच्या घरी तर मोदक आलेच नाहीत. या तीन गटांना तीन निरनिराळे मजकूर हवेत. ज्यांना मोदक वेळेवर मिळाले, त्यांना काहीच पाठवू नये, कारण न घडलेल्या चुकीची माफी वाचून त्यांच्या मनात उगाच शंका येते.

याच वेळी आणखी एक काम करावे, जे हमखास राहून जाते. त्या दिवसासाठी आधीच लावून ठेवलेले जाहिरातीचे संदेश आणि ऑर्डरनंतर आपोआप जाणारी ‘सेवा कशी वाटली, तारे द्या’ ही सूचना या तिन्ही गटांसाठी थांबवावी. क्षमेचा ईमेल आणि रंगीबेरंगी पताकांसह ‘बाप्पा आले, ऑर्डर करा’ असा संदेश एकाच संध्याकाळी आला, तर माफीवर कोणीही विश्वास ठेवणार नाही.

पैसे आधी परत पाठवा, मग लिहा

‘आम्ही लवकरच रक्कम परत करू’ या वाक्याने प्रश्न संपत नाही; उलट ‘कधी?’ असे विचारणारी उत्तरे येऊ लागतात. म्हणून परताव्याची प्रक्रिया आधी सुरू करावी आणि तिचा संदर्भ क्रमांक हातात आल्यावरच ईमेल पाठवावा. यूपीआयच्या व्यवहाराला १२ अंकी संदर्भ क्रमांक असतो. तो ईमेलमध्ये दिला की ग्राहकाला आपल्या बँकेकडे थेट चौकशी करता येते.

रोख पैसे दिलेल्या ग्राहकांच्या बाबतीत जास्त काळजी घ्यावी लागते. त्यांना ‘परताव्यासाठी येथे क्लिक करा’ अशी लिंक पाठवू नये, कारण फसवणूक करणारेही नेमका असाच ईमेल पाठवतात आणि सावध ग्राहक तो उघडणारही नाही. त्याऐवजी, कंपनीचे ॲप स्वतः उघडून तेथे यूपीआय आयडी द्यावा, असे सांगावे. आणि पैसे मिळवण्यासाठी पिन किंवा ओटीपी कधीच द्यावा लागत नाही, हेही त्याच परिच्छेदात स्पष्ट लिहावे.

परताव्याऐवजी पुढच्या ऑर्डरवर सवलतीचे कूपन द्यावे का, हा प्रश्न नेहमी येतो. दोननंतरच्या आणि रद्द झालेल्या गटासाठी माझे उत्तर ठामपणे नाही असे आहे. ज्याचा सण चुकला, त्याला आणखी खरेदी करण्याची अट घालणे म्हणजे भरपाई नव्हे.

मजकूर लिहा

विषयाच्या ओळीत ऑर्डर क्रमांक, काय झाले आणि काय केले, एवढेच यावे. मोबाइलवर या ओळीचा सुरुवातीचा भागच दिसतो, त्यामुळे महत्त्वाचे शब्द पुढे हवेत. ऑर्डर क्रमांक ॲपवर ज्या लिपीत दिसतो त्याच लिपीत लिहावा, नाहीतर ग्राहकाने तो शोधला तर सापडत नाही.

दोननंतर मोदक मिळालेल्या गटासाठी ईमेल असा असू शकतो:

> विषय: MK-4821: मोदक उशिरा पोहोचले, पूर्ण रक्कम परत पाठवली आहे
>
> नमस्कार,
>
> गणेश चतुर्थीसाठी आपण मागवलेले २१ उकडीचे मोदक सकाळी ११ वाजेपर्यंत पोहोचवण्याचे आम्ही कबूल केले होते. ते दुपारी २ वाजून १० मिनिटांनी पोहोचले. तोपर्यंत नैवेद्याची वेळ टळून गेली होती. याबद्दल आम्ही आपली मनापासून क्षमा मागतो.
>
> ही चूक आमची आहे. त्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरात जेवढे मोदक तयार होऊ शकत होते, त्याहून जास्त ऑर्डर आम्ही स्वीकारल्या. मोदक घेऊन आलेल्या सहकाऱ्याच्या हाती ते उशिरा पडले. त्यात त्यांचा दोष नाही.
>
> आपण भरलेले ६३० रुपये आज सायंकाळी ५ वाजता यूपीआयने परत पाठवले आहेत. संदर्भ क्रमांक खाली दिला आहे. तीन कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात दिसली नाही, तर याच ईमेलला उत्तर द्यावे.
>
> यापुढे सणाच्या दिवशी प्रत्येक तासासाठी ठरावीक ऑर्डरच घेतल्या जातील. ती संख्या पूर्ण झाली की ती वेळ ॲपवर निवडता येणार नाही.

खाली कंपनीच्या जबाबदार व्यक्तीचे नाव, हुद्दा आणि फोन क्रमांक द्यावा.

या मजकुरात ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’ असे कोठेही म्हटलेले नाही, याकडे लक्ष द्यावे. वाहतूक कोंडीचाही उल्लेख नाही. चतुर्थीच्या सकाळी पुण्यातले रस्ते गणपतीच्या मिरवणुकांनी भरलेले असतात, हे पुणेकराला सांगायची गरज नसते. ते आधी लक्षात घेऊन वेळ कबूल करणे हे कंपनीचेच काम होते. तसेच ‘आपली गैरसोय झाली असल्यास’ अशी जर-तरची भाषा टाळावी. गैरसोय झाली आहे, आणि ती नैवेद्याच्या रूपाने झाली आहे. ती नाव घेऊन सांगितली की ग्राहकाला आपले म्हणणे समोरच्यापर्यंत पोहोचल्याचे कळते.

अभिवादनात नुसते ‘नमस्कार’ पुरेसे आहे. ॲपमध्ये कोणी केवळ आडनाव भरते, कोणी आद्याक्षरे, कोणी मुलाच्या नावाने खाते उघडते, तर काहींचा रकाना रिकामाच असतो. अशा नोंदींतून आपोआप तयार झालेले ‘प्रिय ,’ असे अभिवादन माफीच्या पहिल्याच ओळीत यंत्राचे दर्शन घडवते.

आता इमोजीचा निर्णय घ्या

वरच्या ईमेलमध्ये इमोजी कोठे बसेल ते पाहा. ‘नैवेद्याची वेळ टळून गेली होती’ या वाक्यापुढे 😢 ठेवला तर दुःख आमचे की ग्राहकाचे, हेच कळेनासे होते. बऱ्याच कंपन्यांचा आवडता 😅 तर येथे मुळीच चालणार नाही: कपाळावर घामाचा थेंब असला तरी तो चेहरा तोंड भरून हसतो आहे, आणि ज्याच्या घरी नैवेद्य चुकला त्याला फक्त हसू दिसते.

राहतो 🙏. मराठी माणसाला हा नमस्कारही वाटतो आणि क्षमाही, म्हणून त्याची बाजू सर्वांत भक्कम आहे. तरीही दोननंतरच्या आणि रद्द झालेल्या गटांसाठी तो वापरू नये, असे माझे मत आहे. सणाच्या दिवशी हेच चिन्ह शुभेच्छांच्या प्रत्येक संदेशात येते. सकाळपासून पन्नास ‘मोरया 🙏’ वाचलेल्या माणसाला तेच चिन्ह माफी म्हणून वेगळे जाणवत नाही. पावणेबाराच्या गटाला मात्र, जिथे नुकसान थोडे आहे आणि मजकूर चार-पाच ओळींचाच आहे, शेवटी सहीच्या वर एक 🙏 चालेल. एकच, तीन ओळीने लावले की विनवणी सुरू होते.

विषयाच्या ओळीत मात्र कोणत्याच गटासाठी इमोजी नको. इनबॉक्समध्ये विषयात चित्र असलेले बहुतेक ईमेल जाहिरातीचे असतात, त्यामुळे आपला ईमेल न उघडताच बाजूला पडण्याची भीती असते. आणि त्यात तर परताव्याची माहिती आहे. शिवाय जुन्या यंत्रणांवर इमोजीच्या जागी रिकामा चौकोन दिसू शकतो.

शंका राहिली तर ईमेल मोठ्याने वाचावा आणि इमोजी आला की त्याचे वर्णन शब्दांत उच्चारावे. दृष्टिहीन ग्राहकाचा स्क्रीन रीडर नेमके हेच करतो. ‘आम्ही आपली क्षमा मागतो, घाम आलेला हसरा चेहरा’ हे ऐकल्यावर निर्णयासाठी बैठक घ्यावी लागत नाही. यावरूनच आणखी एक गोष्ट ठरते: क्षमेचा शब्द गाळून त्याच्या जागी इमोजी कधीही ठेवू नये. ‘मोदक उशिरा आले 🙏’ हे वाक्य चित्र दिसले नाही तर नुसती बातमी होऊन उरते.

पाठवा, आणि उत्तरे वाचा

ईमेल त्याच संध्याकाळी, शक्यतो आठच्या आत पाठवावा. आधी कंपनीतल्याच दोघा-तिघांच्या अँड्रॉइड फोनवर, आयफोनवर आणि संगणकावर तो उघडून पाहावा. रक्कम, वेळ आणि ऑर्डर क्रमांक ज्याचे त्याला जात आहेत ना, हे प्रत्येक गटातील काही नोंदी उघडून तपासावे. एकाची रक्कम दुसऱ्याला कळली, तर नवीन माफी लिहावी लागेल.

उत्तर देता येत नाही अशा पत्त्यावरून हा ईमेल पाठवू नये. ई-कॉमर्ससाठी २०२० मध्ये आलेल्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि तक्रार मिळाल्यापासून महिन्याभरात तिचे निवारण करावे लागते. म्हणून सणाची सुट्टी असली तरी पुढचे दोन दिवस तो इनबॉक्स वाचायला कोणीतरी नेमलेले हवे.

ईमेल कोठे फसला, हे आलेल्या उत्तरांवरून कळते. ‘पैसे कुठे आहेत?’ असे बरेचजण विचारत असतील, तर परताव्याचा परिच्छेद अस्पष्ट आहे किंवा फार खाली आहे. ‘माझ्याकडे तर मोदक आलेच नाहीत’ अशी उत्तरे आली, तर यादी चुकीची वेगळी झाली आहे आणि त्या ग्राहकांना फोनच करायला हवा. काहीजण समजुतीने लिहितील, ‘होते असे, पुढच्या वर्षी वेळेवर द्या 🙏’. त्यांनी स्वतः हात जोडले आहेत. त्यांना वैयक्तिक उत्तर देताना आपणही तोच इमोजी खुशाल वापरावा.