ज्वारीच्या प्रयोगाचा तक्ता एक्सेलमधून प्रबंधात नेताना या चुका टाळा

जानेवारी सरता सरता सोलापुरात शेताशेतावर हुरड्याची गडबड असते. सुगी उरकली की प्रबंधांची घाई सुरू होते. रब्बी ज्वारीवर प्रयोग केलेली मुलंमुली एक्सेलची फाईल घेऊन माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "सर, निकाल निघालाय, फक्त तक्ता नीट करून हवाय." मला हा "फक्त" मान्य नाही. प्रयोग चांगला झालेला असतो आणि गणितही बरोबर असतं, तरी शेवटच्या तासाभरात आकडे कापताना, एकक बदलताना आणि सरासऱ्यांना a, b, c ही अक्षरं चिकटवताना निष्कर्षच बदलून जातो.

अशाच एका मुलीच्या तक्त्यावरून सांगतो. आकडे समजावण्यासाठी सोपे केले आहेत, चुका मात्र खऱ्याच आहेत. कोरडवाहू काळी जमीन, मोहोळची मालदांडी ३५-१ आणि हेक्टरी नत्राच्या पाच मात्रा: ०, २०, ४०, ६० आणि ८० किलो. प्रत्येक मात्रेच्या चार पुनरावृत्त्या, म्हणजे एकूण वीस वाफे.

कोणत्या वाफ्याने भागलं?

तिच्या पहिल्या मसुद्यात नत्र न दिलेल्या ज्वारीचं उत्पादन हेक्टरी ९.७८ क्विंटल होतं. चार वाफ्यांचं धान्य २.५८, २.७१, २.६२ आणि २.६५ किलो भरलं होतं, म्हणजे सरासरी २.६४ किलो. वाफा ६ मीटर लांब आणि ४.५ मीटर रुंद होता. क्षेत्र २७ चौरस मीटर, आणि तिने त्यानेच भागलं होतं.

पण धान्य २७ चौरस मीटरचं नव्हतंच. कडेची एकेक ओळ आणि दोन्ही टोकांची ३० सेंटिमीटर जागा सोडून तिने कापणी केली होती. दहा ओळींपैकी आठ ओळी ४५ सेंटिमीटर अंतराने धरल्या तर रुंदी ३.६ मीटर आणि लांबी ५.४ मीटर होते. हा निव्वळ वाफा १९.४४ चौरस मीटरचा. त्याने भागलं की तेच उत्पादन १३.५८ क्विंटल होतं.

```
=B2*100/19.44
```

ही चूक आपोआप सापडत नाही. सगळे आकडे एकाच प्रमाणात २८ टक्क्यांनी खाली येतात, त्यामुळे एफ चाचणी तीच राहते, अक्षरं तीच राहतात आणि तक्ता दिसायला नीटनेटका असतो. म्हणून एक सरासरी हातात घेऊन उलटं गणित करा: हेक्टरचा आकडा वाफ्यावर आणा आणि तो तराजूच्या वहीशी जुळतो का पाहा. एकक स्तंभाच्या शीर्षकात एकदाच लिहा, "धान्य उत्पादन (क्विं./हे.)" असं. तक्ता क्विंटलमध्ये आणि मजकूर किलोमध्ये, असं करू नका. वाचणारा मग प्रत्येक वाक्याला शंभरने गुणत बसतो.

दशांश किती ठेवायचे हे डोळ्यांनी ठरवणं

तिच्या फाईलमध्ये १३.५८०२४६९१ आणि १५.१२३४५६७९ असे आकडे होते. बहुतेक जण अशा वेळी दशांश कमी करायचं बटण दिसायला बरं वाटेपर्यंत दाबतात. एका स्तंभात दोन स्थळं राहतात, दुसऱ्यात तीन. मधेच एखाद्या रकान्याचं स्वरूप `General` राहून गेलेलं असतं आणि १८२.५० तिथे १८२.५ दिसतो.

दशांश किती हे स्टँडर्ड एररला विचारा. स्टँडर्ड एररमध्ये दोन सार्थ अंक ठेवायचे आणि तो जिथे थांबेल तिथेच सरासरी थांबवायची. इथे उत्पादनाचा स्टँडर्ड एरर ०.४८ आहे, म्हणून सरासरी १३.५८. हाच तक्ता किलोमध्ये केला तर स्टँडर्ड एरर ४८ होतो आणि सरासरी १३५८, एकही दशांश नको. झाडाच्या उंचीचा स्टँडर्ड एरर ३.१ सेंटिमीटर असेल तर उंचीला एकच स्थळ पुरतं. सुसंगती प्रत्येक स्तंभाच्या आत हवी. सगळ्या तक्त्याला सरसकट दोन स्थळं लावणं म्हणजे उंचीच्या बाबतीत जी अचूकता मोजलीच नाही तिचा दावा करणं.

रकान्याचं स्वरूप `0.00` असं स्वतः द्या, म्हणजे शेवटचं शून्य गळत नाही.

आधी कापणं, मग गणित करणं

मला सगळ्यात जास्त काळजी या चुकीची वाटते. रकान्याचं स्वरूप बदललं की फक्त दिसणं बदलतं, आतला आकडा पूर्ण राहतो. पण तोच तक्ता वर्डमध्ये नेला की दिसणारा आकडाच तिथे जातो. मग कोणी त्या छापील आकड्यांवरून कॅल्क्युलेटरने क्रिटिकल डिफरन्स काढतं. काही जण तर एक्सेलच्या पर्यायांमधलं `Set precision as displayed` चालू करतात. त्याने आतले आकडेही कायमचे कापले जातात आणि मूळ आकडे परत मिळत नाहीत.

काय घडतं ते पाहा. त्रुटीचा वर्गमध्य ०.९२१६ आणि त्रुटीचे मुक्तांश १२. `H2` मध्ये वर्गमध्य ठेवून पूर्ण आकड्यांवरून:

```
=SQRT(H2/4)
=T.INV.2T(0.05,12)*SQRT(2*H2/4)
```

पहिल्यातून ०.४८ येतो, दुसऱ्यातून १.४८. नत्र न दिलेली ज्वारी १३.५८ आणि २० किलोची १५.१२, फरक १.५४. तो १.४८ पेक्षा जास्त आहे, म्हणजे फरक सार्थ आहे.

आता स्टँडर्ड एरर आधीच ०.५ केला तर क्रिटिकल डिफरन्स १.५४ निघतो. फरकही १.५४ आणि मर्यादाही १.५४, काय लिहायचं? सरासरीसुद्धा एका स्थळावर आणली तर १५.१ वजा १३.६ म्हणजे १.५, आणि फरक सरळ निरर्थक ठरतो. शेतात काहीच बदललेलं नाही. २० किलो नत्राने उत्पादन वाढतं हा निष्कर्ष फक्त आकडे कापण्याच्या क्रमामुळे गेला.

म्हणून दोन पानं ठेवा. एका पानावर पूर्ण आकडे आणि सगळं गणित. दुसऱ्यावर छपाईचा तक्ता, ज्यात प्रत्येक रकाना पहिल्या पानाकडे बोट दाखवतो आणि आकडा तिथेच पहिल्यांदा कापला जातो. `TEXT` वापरलं की उत्तर मजकूर होतं, त्याची बेरीज होत नाही. छपाईच्या पानावर त्याने काही बिघडत नाही, गणिताच्या पानावर मात्र ते येऊ देऊ नका.

अक्षरं: "ab" मधला a का गळतो

अक्षरं लावण्याआधी एफ चाचणी सार्थ आहे ना ते बघा. नसेल तर अक्षरंही नाहीत आणि क्रिटिकल डिफरन्सही नाही. त्या जागी "एन.एस." लिहायचं, स्टँडर्ड एरर मात्र ठेवायचा. पी मूल्याच्या जागी ०.०००० छापू नका, ते शून्य नसतं. "०.००१ पेक्षा कमी" असं लिहा.

आपला तक्ता सार्थ आहे. सरासरी उतरत्या क्रमाने मांडू: १७.२८ (६० किलो), १७.०३ (८०), १६.४१ (४०), १५.१२ (२०), १३.५८ (शून्य).

सगळ्यात वरच्यातून १.४८ वजा केले की १५.८० उरतात. त्याच्या वरचे तिघे एका गटात, त्यांना a. पुढचा १७.०३, त्यातून वजा केल्यावर १५.५५. तिथवर नवीन कोणी येत नाही, म्हणून नवं अक्षर नाही. मग १६.४१ मधून वजा केल्यावर १४.९३, आता १५.१२ आत येतो. म्हणून १६.४१ आणि १५.१२ या दोघांना b. १५.१२ मधून वजा केल्यावर १३.६४, आणि १३.५८ त्याच्या जेमतेम खाली राहतो. त्याला c.

| नत्र (कि./हे.) | धान्य उत्पादन (क्विं./हे.) |
|---|---|
| ० | १३.५८ c |
| २० | १५.१२ b |
| ४० | १६.४१ ab |
| ६० | १७.२८ a |
| ८० | १७.०३ a |
| स्टँडर्ड एरर ± | ०.४८ |
| क्रिटिकल डिफरन्स (५ टक्के) | १.४८ |

तिच्या मसुद्यात १६.४१ ला नुसतंच b होतं. एका रकान्यात एकच अक्षर असावं, असं तिला वाटलं होतं. "सर, दोन अक्षरं असली की गोंधळ दिसतो," ती म्हणाली. पण हा a गेला की तक्ता सांगतो, ४० किलो नत्र ६० किलोपेक्षा कमी पडलं. प्रत्यक्षात त्यांच्यातला ०.८७ चा फरक सार्थ नाही. त्या तक्त्यावर शिफारस लिहिली असती तर कोरडवाहू शेतकऱ्याला हेक्टरी २० किलो जास्त नत्र द्यायला सांगितलं गेलं असतं. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे साधारण ४३ किलो युरिया, जवळजवळ ४५ किलोची एक गोणी. एका अक्षराने एवढं होतं.

अक्षरं आणि तारे एकाच स्तंभात मिसळू नका. तारे सहसंबंधाच्या तक्त्यात शोभतात: ५ टक्क्यांना एक, १ टक्क्याला दोन. आणि a मोठ्या सरासरीला की लहान सरासरीला, हे सगळ्या प्रबंधात एकसारखं ठेवा.

वर्डमध्ये नेताना

सूत्राने आकडा आणि अक्षर जोडता येतं:

```
=TEXT(C2,"0.00")&D2
```

पण सूत्राच्या उत्तरातलं एकच अक्षर वर चढवता येत नाही, ते काम वर्डमध्ये करायचं. तक्ता चिकटवून फक्त आकड्यांचा स्तंभ निवडा, `Replace` उघडा, `Use wildcards` चालू करा. `Find what` मध्ये `[a-d]`, `Replace with` मध्ये `^&`, आणि त्याच्या फॉन्टला `Superscript`. सगळं बदलून झाल्यावर उरलेल्या दस्तऐवजात शोधायचं का असं वर्ड विचारतं, तिथे `No`. नाहीतर पूर्ण प्रबंधातली इंग्रजी a, b, c, d अक्षरं वर चढतात.

आकडे मध्यभागी ठेवले की ab असलेला आकडा डावीकडे सरकतो आणि दशांशचिन्हं वाकडीतिकडी होतात. स्तंभ डावीकडे ठेवून पट्टीवर दशांश टॅब लावा. तक्त्याच्या रकान्यात तो टॅबची कळ न दाबताच लागू होतो आणि सगळी चिन्हं एका रेषेत येतात, अक्षरं कितीही असोत.

डीटीपीवाल्याकडे कागद देऊन आकडे पुन्हा टाईप करून घेऊ नका. असं एकदा झालं तेव्हा १५.१२ चं १५.२१ होऊन आलं होतं. सरासऱ्यांच्या मानाने ते शोभतही होतं, म्हणून कुणाच्या नजरेत आलं नाही. फाईलच द्या आणि परत आलेला प्रत्येक आकडा मोठ्याने वाचून मूळ पानाशी ताडून बघा.

तक्त्याखालची टीप शेवटी आम्ही दोघांनी मिळून अशी लिहिली: "चार पुनरावृत्त्यांची सरासरी. निव्वळ वाफा ५.४ × ३.६ मी. ज्या सरासऱ्यांना किमान एक अक्षर समान आहे त्यांच्यातील फरक ५ टक्के पातळीवर सार्थ नाही."