बटरफ्लायमधली लाट छातीपासून सुरू करा

बटरफ्लायमध्ये हातांच्या एका आवर्तनाला दोन किक असतात, पण दमलेल्या पोहणाऱ्याची दुसरी किक बहुधा हरवते. अशा वेळी दोष पायांत शोधला जातो. माझ्या मते तो आधी छातीत पाहावा. हात खांद्यांच्या रेषेत पाण्यात शिरताच पहिली किक खाली जाते आणि त्याच वेळी छाती थोडी खाली दाबली, तर कंबर आपोआप वर येऊन नितंब पृष्ठभागाला टेकतात. मग हात पाणी पकडून मागे ओढू लागले की छाती वर येते, कंबर किंचित खाली जाते आणि गुडघे सैल वाकून पाय दुसऱ्या किकसाठी तयार होतात. ही किक तळहात मांड्यांजवळ ढकल संपवत असतानाच बसली पाहिजे, कारण खांदे पाण्याबाहेर राहून हात पुढे नेण्यास तिचाच आधार मिळतो.

छाती दाबली गेली नाही, तर कंबर खालीच राहते, किक केवळ गुडघ्यांतून निघते आणि टाचा पाण्याबाहेर आपटतात. उलट, फार खोल दाबल्यास वर येण्यातच शक्ती खर्च होते.

तपासण्यासाठी डावा हात पुढे ताणून फक्त उजव्या हाताने 25 मीटर पोहावे आणि काठावरच्या सोबत्याला प्रत्येक वेळी हात पाण्यात शिरल्यावर नितंब दिसतात का, एवढेच पाहायला सांगावे.