सांगली ते इंदूर: बेदाण्याच्या गाडीचे दर मागवताना

बेदाणा व्यापाऱ्याच्या पेढीत पाठवणीचे काम हाती आले, तेव्हा मी ट्रान्सपोर्टवाल्यांना फोनवर एवढेच विचारत असे, "सांगली ते इंदूर, फुल गाडी, 16 टन, भाडे किती?" दर लगेच मिळत. मात्र गाडी भरायला आली की अर्धा माल तासगावच्या कोल्ड स्टोरेजमधून आणि उरलेला सांगली मार्केट यार्डातून घ्यायचा आहे, हे चालकाला कळे. यार्डात पोहोचेपर्यंत हमालांची वेळ संपलेली असे, गाडी रात्रभर थांबे आणि बिलात हॉल्टिंग लागे.

त्यानंतर मी विचारणा लेखी पाठवू लागलो. पहिला पॉइंट तासगाव, सकाळी नऊ वाजता, 600 बॉक्स. दुसरा सांगली, दुपारी दोनपर्यंत, 450 बॉक्स. आणि इंदूरला एकाच ठिकाणी उतरवणे, असे त्यात स्पष्ट असते. पत्त्यासोबत आत दहाचाकी गाडी वळते का, तेही लिहावे, कारण अरुंद गेटपाशी गाडी अडली की माल छोट्या टेम्पोतून आणावा लागतो.

मालाबद्दल "ड्रायफ्रूट" एवढे पुरत नाही. 15 किलोचे पुठ्ठ्याचे बॉक्स आहेत, वर जड माल लादता येणार नाही, ताडपत्री न फाटलेली हवी आणि आधीच्या खेपेला खत किंवा रसायन वाहिलेली गाडी नको, हे मी आवर्जून लिहितो. बेदाणा वास पटकन धरतो, आणि वास लागलेला माल समोरचा व्यापारी उतरवून घेत नाही.

फेऱ्यांच्या बाबतीत माझी मोठी चूक झाली होती. दर कमी मिळावा म्हणून मी वर्षभर आठवड्याला दोन गाड्या लिहिल्या. दिवाळीनंतर मागणी उतरली, पंधरवड्याला एकच गाडी निघू लागली आणि ट्रान्सपोर्टवाल्याने जुन्या दराने गाडी देणे थांबवले. त्याने तो दर इंदूरहून ठरावीक दिवशी मिळणाऱ्या परतीच्या मालाच्या हिशेबाने दिला होता, त्यामुळे त्याचे म्हणणे मला रास्तच वाटले. आता मी दिवाळीआधीच्या महिन्यांच्या आणि नंतरच्या फेऱ्या वेगळ्या लिहितो, आणि गाडी भरण्याचा वारही देतो.

दर आल्यावर सर्वांची तुलना एकाच पायावर करावी. एकदा एकाने 42,000 रुपये सांगितले आणि दुसऱ्याने सर्व खर्चासह 46,000. पहिल्याकडे दुसऱ्या पॉइंटचे 1,500, वाराईचे, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या हमालीचे 1,600 आणि एका दिवसाच्या हॉल्टिंगचे 2,000 वेगळे होते, म्हणजे गाडी एक दिवस थांबली तर एकूण 47,100 झाले असते. म्हणून दोन्ही टोकांना किती तास थांबणे भाड्यात धरले आहे, आगाऊ रक्कम किती आणि उरलेले भाडे पोच मिळाल्यावर किती दिवसांत द्यायचे, हे रकाने मीच आखून पाठवतो. दर देण्याच्या दिवशीचा डिझेलचा भावही त्यात लिहून घेतो आणि तो किती रुपयांनी बदलल्यावर भाडे पुन्हा ठरवायचे, हे पहिली गाडी भरण्याआधीच मान्य करून घेतो.