चेहरा बदललेल्या व्हिडिओत हात, माइक, केस आडवे आले की: या चुका टाळा

चेहरा समोरून, मोकळा आणि स्थिर असेल तर डीपफेसलॅब या चेहरा बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये बदललेला चेहरा कुणालाही जमतो. काम उघडं पडतं ते तोंडावरून काहीतरी गेलं की. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं इथंच घाई करतात, आणि चुका त्याच त्या असतात.

सगळ्यात मोठी चूक मास्कची खूण करताना, म्हणजे चेहऱ्याचा कोणता भाग बदलायचा ते आखताना होते. आंबाजोगाईच्या एका लघुपटाचं काम होतं. स्टेजवर खरे शाहीर गायले होते आणि त्यांच्या जागी नायकाचा चेहरा बसवायचा होता. दोघांचीही लेखी संमती होती. त्याशिवाय मी फाईल उघडतच नाही. मे महिन्यातलं शूटिंग, त्यामुळे शाहीर दर कडव्यानंतर उपरण्यानं घाम पुसत होते. शाहिरांच्या मिशा जाड, नायकाच्या बारीक. मास्क करणाऱ्या पोरानं हात तोंडावर स्थिर असलेल्या सोप्या फ्रेम निवडून खुणा केल्या. हात आत येताना आणि बाहेर जाताना त्याच्या बोटांच्या कडेला शाहिरांची मिशी डोकावू लागली. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

पोरगं म्हणालं, "दादा, ब्लर वाढवला की झाकतंय ते."

झाकत नाही. ब्लर वाढवला की मास्कची कड पसरते, म्हणजे हात आणि नवा चेहरा यांच्यामध्ये मूळ चेहऱ्याचा पट्टा आणखी रुंद होतो. मास्कची कड आत ओढणारं इरोड वाढवलं तरी तेच. उलट इरोड शून्याखाली नेलं तर नवा चेहरा बोटांवर चढतो. स्लायडरनं मास्कची चूक फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते.

मी `5.XSeg) data_dst mask - edit` उघडून हाताच्या प्रत्येक फेरीला आधी ती फ्रेम शोधतो जिथं बोट गालाला पहिल्यांदा शिवतं. मग मधली, मग हात चेहरा सोडतानाची शेवटची, आणि हात धूसर झालेल्या दोन-तीन. चेहऱ्याची बाहेरची रेघ आधी, मग उपरणं आणि हात वगळणारा पॉलिगॉन. धूसर कडेवर रेघ धुरकट पट्ट्याच्या मधोमध घ्यायची, दर वेळी तशीच, नाहीतर प्रशिक्षण गोंधळतं. काही मोकळ्या फ्रेमवरही खुणा हव्यातच. मग `5.XSeg) train`, नंतर `5.XSeg) data_dst trained mask - apply`, मग पाहणी. जिथं कड फाटली त्या फ्रेमवर पुन्हा खूण. पुन्हा प्रशिक्षण दिल्यावर `apply` विसरलात तर पाहणीत आणि चेहऱ्याच्या मॉडेलच्या प्रशिक्षणात जुनाच मास्क राहतो आणि काही सुधारलं नाही असं वाटतं. त्या पोराला हे सगळं पहिल्यापासून करायला लावलं. मिशी गेली.

मर्ज करताना, म्हणजे नवा चेहरा मूळ फ्रेमवर बसवताना, मास्क मोड `learned-prd` ठेवणं ही त्याच घरातली चूक. नव्या चेहऱ्याला हात आडवा आलाय हे माहीतच नसतं, ती माहिती मूळ फ्रेममध्ये असते. म्हणून `XSeg-dst` किंवा `XSeg-prd*XSeg-dst` निवडा.

माइकची गोष्ट वेगळी. शाहीर माइक अगदी ओठांना लावून गात होते. तोंडच दिसत नाही म्हटल्यावर चेहरा कुठं आहे ते ठरवायला सॉफ्टवेअर जे बिंदू लावतं, त्यातले ओठ आणि हनुवटीचे बिंदू अंदाजानं लागतात, आणि माइक आला की सगळा चेहरा किंचित वर-खाली उडतो. लोक मास्क घासत बसतात, पण इथं मास्कचा दोष नसतो. ओळखायचं सोपं आहे: ओठ सोडा, डोळे आणि नाकाचा शेंडा बघा. माइक येताच ते हलले तर बिंदू चुकलेत. `aligned_debug` मधल्या बिघडलेल्या फ्रेम काढून टाका आणि `5) data_dst faceset MANUAL RE-EXTRACT DELETED ALIGNED_DEBUG` चालवून आजूबाजूच्या बऱ्या फ्रेमशी जुळतील असे बिंदू हातानं बसवा. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही.

सावली बहुतेक जण विसरतात. हात मास्कमधून वगळला तरी त्याची गालावरची सावली वगळायची नसते. ती चेहऱ्याचाच भाग आहे. मॉडेल स्टेजवरच्या दिव्याची कडक सावली मऊ करून टाकतं, मग हात वरून चिकटवल्यासारखा दिसतो. मी कंपोझिटिंगमध्ये हाताच्या आकाराचा मॅट थोडा सरकवून, मऊ करून मल्टिप्लायनं सावली परत घालतो. किती गडद, ते मूळ फ्रेम शेजारी ठेवून ठरवायचं.

केसांची एकेक बट पॉलिगॉननं कोरत बसू नका. सुट्या बटा चेहऱ्याच्या मास्कमध्येच राहू द्या आणि नंतर तेवढ्या भागात मूळ फ्रेम डार्कन मोडनं वर ठेवा. काळे केस उजळ त्वचेवर आपोआप परत येतात. पांढऱ्या केसांना आणि अंधाऱ्या शॉटला हे चालत नाही, तिथं रोटोच करावा लागतो. मूळ माणसाची भुवई किंवा दाढी त्या भागात येत असेल तर तीही परत येईल, म्हणून भाग लहान ठेवा.

आणि शूटिंगलाच जाता येत असेल तर कॅमेरामनला सांगून या शॉटपुरता शटर थोडा वेगवान ठेवून घ्या. २५ फ्रेमला १/५० ऐवजी १/१०० ठेवला तर बोटांची धूसर कड निम्मी होते. हालचाल किंचित तुटक दिसते आणि प्रकाश दुप्पट लागतो, हे दिग्दर्शकाला आधी दाखवून विचारा.